नुसताच कोड आला, पुढं काय? सेवा केंद्रावर नव्यानं बसणाऱ्यांसाठी

सेलूत माझं ऑनलाईन सेवा केंद्र आहे. सकाळी मोबाईल उघडला की चार-पाच मेसेज हमखास असे असतात, ज्यात नमस्कार नाही, नाव नाही, काय पाहिजे तेही नाही. नुसती अक्षरं आणि आकडे. कुणी `MH22` नं सुरू होणारं काही पाठवतं, कुणी बारा आकडे, कुणी चुरगळलेल्या कागदावरचा कोड टाईप करून. नव्यानं कामाला लागलेली मुलं उलट मेसेज करतात, ‘काय आहे हे?’ आणि समोरचा गप्प बसतो. दोन दिवसांनी तोच माणूस मोंढ्यातून येता येता केंद्रावर टेकतो आणि म्हणतो, “ताई, नंबर तर कवाच धाडला होता की. काम झालं का?”

त्याच्या बाजूनं पाहिलं तर त्यानं सगळं सांगितलेलं असतं. आठ दिवसांपूर्वी तो तुमच्यासमोर बसून बोललेला असतो, तुम्हीच म्हणालेला असता, “नंबर सापडला की पाठवा.” त्याला सापडला, त्यानं पाठवला. त्यामुळं कोड पाहून प्रश्न ओळखायचा हे आपलं काम आहे, आणि ते शिकता येतं. मी ज्या क्रमानं करते तो क्रम खाली देते.

आधी बघा, हा कोड गुपित आहे का

कोड कशाचा आहे हे शोधण्याआधी एवढं एक ठरवायचं. काही कोड ओळख सांगतात: बँकेच्या शाखेचा, गाडीचा, पोस्टाच्या पाकिटाचा. ते दुसऱ्याला कळले तरी लगेच नुकसान होत नाही. काही कोड मात्र किल्लीसारखे असतात, ज्याच्या हातात त्याचं कुलूप उघडतं. ओटीपी, रिचार्ज व्हाउचर, गिफ्ट कार्डचा खरवडून काढलेला नंबर हे सगळे या दुसऱ्या जातीचे. असा कोड आला तर तो ‘चालतो का बघू’ म्हणून कुठंही टाकायचा नाही. गिफ्ट कार्डचा कोड जो आधी टाकेल त्याच्या खात्यात रक्कम जाते, आणि एकदा वापरलेला कोड परत मिळत नाही.

नुसते सहा आकडे आले तर तो ओटीपी धरूनच चाला. तुम्ही त्या वेळी त्याच माणसाचा अर्ज भरत असाल आणि तुम्हीच ओटीपी मागितला असेल, तर प्रश्न नाही. तुम्ही मागितलाच नसेल, तर मेसेजवर उत्तर देत बसू नका. फोन लावा आणि विचारा, “हा नंबर तुम्हाला कुणी पाठवायला सांगितला?” कधी कधी फसवणारा माणूस फोनवर बोलतच असतो आणि घाबरून गेलेला काका तो ओटीपी सगळ्यांनाच पाठवत असतो. असं असेल तर आधी तो फोन कट करायला सांगा. पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच तक्रार नोंदवायची. जितकी लवकर तक्रार, तितकी पैसे पुढच्या खात्यात अडकवण्याची शक्यता जास्त. cybercrime.gov.in वरही तक्रार करता येते, पण पैशाच्या बाबतीत आधी फोनच करावा.

आणखी एक नमुना आमच्याकडं खेड्यांत टपालानं येतो. रंगीत पाकीट, आत खरवडायचं कार्ड, त्यावर आठ-दहा अक्षरांचा कोड आणि ‘तुम्हाला गाडी लागली’ असा मजकूर. माणूस नुसता कोड पाठवतो, कारण त्याला वाटतं आपण तो कॉम्प्युटरवर तपासू शकू. तो कोड कुठंच तपासता येत नाही. त्याच्याशी एकच गोष्ट जोडलेली असते, ती म्हणजे कागदावरचा मोबाईल नंबर, आणि तिथं फोन केला की कर किंवा नोंदणीच्या नावाखाली आधी पैसे भरायला सांगतात. हे फोनवर समजावून सांगा. मेसेजवर ‘फेक आहे’ एवढंच लिहिलं तर माणसाला पटत नाही आणि तो दुसऱ्या कुणाकडं तरी जातो.

मग कागदावर उतरवा आणि मोजा

कोड गुपित नाही असं वाटलं की मी तो वहीत उतरवते. पडद्यावर बघून मोजताना नजर घसरते. एकूण किती जागा आहेत ते मोजायचं आणि कुठं अक्षर, कुठं आकडा हे बघायचं. एवढ्यावर बहुतेक कोड ओळखू येतात.

दहा जागा, आधी पाच अक्षरं, मग चार आकडे, शेवटी एक अक्षर: हे पॅन. त्यातलं चौथं अक्षर बघायचं. साध्या माणसाच्या पॅनमध्ये ते `P` असतं, फर्मच्या `F`, कंपनीच्या `C`. माणसाच्या पॅनमध्ये पाचवं अक्षर आडनावाचं पहिलं इंग्रजी अक्षर असतं, म्हणून पाठवणारा जाधव आणि पाचव्या जागी `J` दिसलं की पॅन त्याचंच असण्याची शक्यता बरीच वाढते. दहाच जागा, पण आधी तीन अक्षरं आणि मग सात आकडे असतील तर ते मतदान ओळखपत्र. पंधरा जागा आणि सुरुवात `27` नं, मध्ये अख्खं पॅन बसलेलं दिसतंय, तर तो महाराष्ट्रातल्या व्यापाऱ्याचा जीएसटी नंबर. खताच्या दुकानाचं बिल हातात असलेला शेतकरी पुष्कळदा तोच ‘बिल नंबर’ समजून पाठवतो. त्याला बिलावरचा दुसरा नंबर विचारायचा.

गाडीचा नंबर तर लहान पोरंही ओळखतात. आपल्याकडं `MH20` ते `MH26` आणि हिंगोलीचा `MH38` रोजच दिसतात. गाडीच्या नंबरापाठोपाठ वेगळ्या मेसेजमध्ये पाच जागांचा कोड आला तर गोंधळू नका. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवायची म्हणून लोक येतात, आणि बुकिंगला चासी व इंजिन नंबरचे शेवटचे पाच-पाच आकडे लागतात. ते तेच असतात.

अकरा जागा, आधी चार अक्षरं, पाचव्या जागी शून्य: हा बँकेचा आयएफएससी. इथं मराठवाड्यात एक अडचण कायम येते, म्हणून जरा थांबून सांगते. आपल्याकडं गावोगावी हैदराबाद बँकेची पासबुकं होती. १ एप्रिल २०१७ ला ती बँक स्टेट बँकेत विलीन झाली, पण जुनी पासबुकं अजून ट्रंकेत आहेत, आणि त्यांवर `SBHY0` नं सुरू होणारा कोड छापलेला आहे. अनुदानाचा अर्ज भरायला तोच कोड येतो. लांबी बरोबर, पाचव्या जागी शून्य बरोबर, म्हणजे कोड वाचण्यात काही चूक नाही, तरी फॉर्म तो घेत नाही. नवीन मुलं तासभर अक्षरं बदलून बघतात. `SBHY` दिसलं की आकड्यांच्या मागं लागू नका, “मावशी, बँकेत जाऊन पासबुक नवीन छापून घ्या” एवढं सांगा, आणि नव्या पासबुकावरचा कोड आणि खाते नंबर दोन्ही परत मागा. अंदाजानं `SBIN` लावून अर्ज पुढं ढकलू नका.

बारा आकड्यांचं काय करायचं

हा भाग जरा अवघड आहे. नुसते बारा आकडे आले तर ते आधार असू शकतं, महावितरणचा ग्राहक क्रमांक असू शकतो, किंवा यूपीआयनं पैसे पाठवल्यावर येणारा व्यवहार क्रमांक असू शकतो. तिन्ही बाराच आकड्यांचे.

पहिला आकडा बघा. आधार कधीही शून्यानं किंवा एकानं सुरू होत नाही, त्यामुळं तसा आकडा असेल तर आधार बाद झालं. यूपीआयच्या व्यवहार क्रमांकात बहुतेक वेळा पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा असतो आणि पुढचे तीन आकडे वर्षातला कितवा दिवस ते सांगतात. म्हणजे `5196` नं सुरू होणारा नंबर २०२५ चा १९६ वा दिवस, १५ जुलै. ज्यानं नंबर पाठवला त्यानं त्याच सुमाराला पैसे पाठवले असतील, तर तो ‘पैसे गेले पण पोचले नाहीत’ ही तक्रार घेऊन आलाय असं समजायला हरकत नाही. वीजबिलाचं असेल तर बऱ्याचदा सोबत चार आकड्यांचा बिलिंग युनिट नंबरही येतो, कारण बिलावर तो जवळच छापलेला असतो.

पण या खुणा पक्क्या नाहीत. एखादं आधारही `5196` नं सुरू होऊ शकतं. म्हणून बारा आकडे दिसले की खात्री होईपर्यंत ते आधारच आहे असं धरून वागायचं. गटावर टाकून ‘हा कशाचा नंबर आहे रे’ असं विचारायचं नाही, शेजारच्या केंद्रवाल्याला पुढं पाठवायचं नाही. पाठवणाऱ्यालाच विचारायचं.

आकडा बरोबर वाचलाय का?

कोड कशाचा ते कळलं, तरी तो चालत नाही, असं फार वेळा होतं. मग बहुतेकांना वाटतं की साईट बंद आहे. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त वेळा कोडच चुकीचा उतरलेला असतो. इंग्रजीतले `O` आणि `0`, `I` आणि `1` यांची गल्लत सगळीकडंच होते. तिच्यावर जागा बघून मात करता येते: पॅनच्या पहिल्या पाच जागी आकडा येऊच शकत नाही, तिथं जे गोल दिसतंय ते `O`, आयएफएससीच्या पाचव्या जागी जे गोल आहे ते शून्यच.

आपल्याकडची खरी गल्लत वेगळी आहे. मोठी माणसं नंबर मराठी आकड्यांत उतरवून ठेवतात, कॅलेंडरवर, वहीच्या मागच्या पानावर. मग इंग्रजी शाळेत जाणारा नातू ते बघून टाईप करतो. मराठीतला १ त्याला `9` वाटतो. ४ त्याला `8` वाटतो. ७ चा `6` होतो. त्याची चूक नाही, त्याला ते आकडे शाळेत शिकवलेलेच नाहीत. पण कोड बिघडतो, आणि बिघडलेला कोड दिसायला अगदी नीट दिसतो.

काही कोडमध्ये अशी चूक पकडायची सोय आतच केलेली असते. शेवटचा एक आकडा बाकीच्या आकड्यांवरून काढलेला असतो, त्याला तपास-आकडा म्हणू. स्पीड पोस्टच्या नंबरात तो आहे, आणि त्याचा हिशेब कागदावर करता येतो. एक प्रसंग सांगते म्हणजे कळेल.

जवळच्या गावातल्या एका मावशींनी पुण्याला शिकणाऱ्या मुलीला मूळ गुणपत्रिका स्पीड पोस्टानं पाठवली होती. प्रवेशाची तारीख जवळ आली आणि पाकीट पोचेना. एका संध्याकाळी त्यांच्याकडून मेसेज आला, नुसता एवढाच (आकडे मी इथं बदललेत, हिशेब तोच आहे):

```
EM427980369IN
```

तेरा जागा, आधी दोन अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी `IN`. टपालाचा नंबर असाच असतो, `E` नं सुरू होणारे स्पीड पोस्टाचे, आणि `IN` म्हणजे भारत. मी indiapost.gov.in वर टाकला, काहीच माहिती आली नाही. मावशींना फोन लावला तर त्या म्हणाल्या, “पावती हाय ना, पण ती ह्यांच्या खिशात, अन् ते गेलेत परभणीला. म्या कॅलेंडरवर लिहून ठिवलता, ते पोरानं पाठीवलं.”

कॅलेंडर म्हटल्यावर मला अंदाज आला. नऊ आकड्यांपैकी पहिले आठ हे पाकिटाचे, नववा तपास-आकडा. पहिल्या आठांना क्रमानं ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ यांनी गुणायचं आणि बेरीज करायची.

```
4×8 = 32
2×6 = 12
7×4 = 28
9×2 = 18
8×3 = 24
0×5 =  0
3×9 = 27
6×7 = 42
बेरीज = 183
```

या बेरजेला ११ नं भागायचं. १८३ मधून १७६ गेले, बाकी ७ उरली. ११ मधून ती बाकी वजा करायची: ४. म्हणजे शेवटचा आकडा ४ असायला पाहिजे होता, आणि आलाय ९. (वजाबाकी १० आली तर तपास-आकडा ० धरतात, ११ आली तर ५.) नंबरात कुठंतरी चूक आहे हे इथं नक्की झालं.

आता चूक कुठं? `9` दोन ठिकाणी आहे, चौथ्या जागी आणि शेवटी. शेवटचा ९ खरा मराठी १ असेल तर तपास-आकडा १ व्हायला हवा, पण हिशेब ४ सांगतोय, म्हणून ते जुळत नाही. पाचव्या जागचा `8` खरा ४ असेल का? मग २४ च्या जागी १२ येतील, बेरीज १७१, बाकी ६, वजाबाकी ५. तेही नाही. चौथ्या जागचा `9` खरा १ धरला तर १८ च्या जागी २ येतात, बेरीज १६७, बाकी २, वजाबाकी ९. शेवटचा आकडा ९ आहेच. जुळलं.

```
EM427180369IN
```

हा टाकला आणि पाकिटाचा सगळा प्रवास समोर आला. मुलीच्या खोलीला कुलूप होतं म्हणून पोस्टमन परत गेला होता आणि पाकीट तिथल्या पोस्टात पडून होतं. मुलीला फोन करून सांगितलं, दुसऱ्या दिवशी ओळखपत्र दाखवून ती घेऊन आली.

या हिशेबाची मर्यादाही ध्यानात ठेवा. एक आकडा चुकला असेल तर तो बहुतेक वेळा सापडतो, पण दोन आकडे चुकले आणि योगायोगानं बेरीज जुळली तर सापडत नाही. शिवाय हिशेब जुळला म्हणजे नंबर त्याच पाकिटाचा आहे असंही नाही. म्हणून सापडल्यावर गाव, तारीख आणि पाठवल्याचं ठिकाण मावशींकडून विचारून पडद्यावरच्या माहितीशी ताडून घेतलं, मगच मुलीला फोन केला. पावती हाताशी असेल तर मात्र एवढा हिशेब करत बसू नका, तिचा फोटो मागा.

उत्तर कसं द्यायचं

‘काय आहे?’ असं कधीच विचारू नका. समोरच्याला वाटतं आपण त्याला ओळखलंच नाही. तुम्ही काय ओळखलं ते सांगा आणि त्याला फक्त हो किंवा नाही म्हणता येईल असं विचारा. “काका, हा हैदराबाद बँकेच्या जुन्या पासबुकावरचा नंबर दिसतोय. अनुदानाच्या अर्जासाठी पाठवलाय ना?” किंवा “दादा, हे गाडीच्या चासीचे आकडे आहेत का?” टाईप करण्यापेक्षा आवाजाचा मेसेज पाठवलेला बरा, कारण कित्येकांना वाचायला चष्मा लागतो आणि चष्मा घरी असतो.

आणि कोड कशातच बसला नाही तर? फवारणी पंपाचा, मोबाईलचा, मोटारीच्या स्टार्टरचा सिरीयल नंबर असा येतो. प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीनं तो बनवते, त्याला मोजून ओळखायची युक्ती नाही. तिथं एकच मागायचं: ज्या वस्तूवर किंवा कागदावर हा नंबर आहे तिचा अख्खा फोटो, नंबराच्या वरची आणि शेजारची ओळ दिसेल असा. एक अपवाद मोबाईलचा. पंधरा आकडे आले तर तो आयएमईआय असण्याची शक्यता फार, आणि पाठवणाऱ्याचा फोन हरवलेला असू शकतो. फोन हातात असेल तर `*#06#` दाबलं की तोच नंबर पडद्यावर येतो, त्यावरून ताडता येईल. फोन हरवला असेल तर खोक्यावर किंवा बिलावर तो छापलेला असतो. आधी पोलिसांत तक्रार, मग ceir.gov.in वर तो फोन बंद करण्याची विनंती, असा क्रम आहे. त्याला तक्रारीची प्रत लागते, हे आधीच सांगून ठेवा म्हणजे दुसरी चक्कर वाचते.

सिरीयल नंबर नेटवर शोधून पहिला दिसलेला ‘कस्टमर केअर’ नंबर मात्र कुणाला देऊ नका. तिथं बनावट नंबर पुष्कळ असतात. वॉरंटीच्या कार्डावर किंवा खोक्यावर छापलेलाच नंबर लावायचा.

वहीत काय लिहायचं

मी प्रत्येक कोडापुढं तीन गोष्टी लिहिते: कुणाचा, कशासाठी, कधी आला. कोड मात्र पूर्ण लिहून ठेवत नाही, शेवटचे चार आकडे पुरतात. “गुणपत्रिकेच्या मावशी, स्पीड पोस्ट, ०३६९” एवढ्यावर मला सगळं आठवतं. काम झालं की आधार आणि पॅन असलेले मेसेज मोबाईलमधून काढून टाकते आणि काढलेत असं त्या माणसाला सांगते. ज्यांनी पुढच्या वेळी कोड पाठवताना सोबत दोन शब्द लिहावेत असं वाटतं, त्यांना मी फोनवरच सांगते: “मामा, नंबरच्या आधी नुसतं ‘पोस्ट’ नाहीतर ‘बँक’ एवढं लिहा.” आता बरेच जण तसं करतात. परवा एका काकांचा मेसेज आला: ‘लाईट बिल’, आणि खाली बारा आकडे. बिल भरायला दोन मिनिटंही लागली नाहीत.